दोन काळे

न्हाणीतला हंडा तांब्याचा आहे, हे पाहुण्यांना सांगावं लागेल इतका काळा झाला होता. आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काकांकडे पुण्याला राहून दिवाळीच्या तोंडावर कोकणात परतली. नव्या डोळ्यांनी तिने घरात पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर तो हंडा. "मला वाटलं, डोळ्यातच काही राहून गेलं," एवढंच म्हणाली. पण तिचं 'एवढंच' घरात सगळ्यांना पुरतं.

चूक सर्वांनाच ठाऊक होती. चुलीवर चढवण्याआधी हंड्याच्या बुडाला आणि पोटाला ओल्या राखेचा पातळ लेप द्यायचा, हा आजीचा नेम. मग धुराची काजळी लेपावर बसते आणि धुताना लेपाबरोबर निघून जाते. आजी घरात नव्हती त्या काळात लेपाचं काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोपवलेलं होतं. एकत्र कुटुंबात एखादं काम हमखास राहून जावं, याची ही सोपी पद्धत आहे.

उद्या नरकचतुर्दशी. आज संध्याकाळी हंडा घासून, पाणी भरून, त्याला झेंडूची माळ घालायची. सोहमने, म्हणजे माझ्या धाकट्या चुलतभावाने, परसातली डझनभर लिंबं कापून ठेवली होती. त्याने एक फोड काजळीवर घासली. काजळी जिथल्या तिथे, फोड मात्र काळी.

"अरे, काजळीला सरबत पाजतोयस की काय?" आजी पाटावर बसत म्हणाली. "यात दोन काळे आहेत. आधी वरचा काढ."

वरचा काळा म्हणजे काजळी, अर्थात कोळशाचाच बारीक भुगा. तो आंबटाने विरघळत नाही, त्याला घासायलाच लागतं. आजीने चुलीतली राख चाळून घेतली, कारण तिच्यात एखादा खडा राहिला तर तांब्यावर ओरखडे उठतात. मग काथ्याची शेंडी किंचित ओली करून राखेत बुडवली. किंचितच, कारण पाणी जास्त झालं की राख वाहून जाते आणि काजळीचा चिखल हंडाभर पसरतो. सोहम तारेची घासणी घेऊन आला, ती तिने लांबूनच परत पाठवली. तारेने चरे पडतात, पुढची काजळी त्या चऱ्यांतच जाऊन बसते. शिवाय हा हंडा ठोक्याठोक्यांचा. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत हातोडीने ठोकून असं मठारकाम करतात. प्रत्येक ठोक्याच्या खळग्यात काथ्या पोचतो, पण तार नुसती वरून फिरते.

काजळी गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं. पण खाली दुसरा काळा होता, तपकिरीकडे झुकणारा, बोटाला न लागणारा. म्हणजे तांब्याचाच भाजून झालेला थर. "हा बोटाला लागत नाही ना? मग आता चिंच." ओळखायची खूण इतकी सोपी.

जुन्या चिंचेचा मूठभर कोळ आणि जाडं मीठ हाताने हंड्यावर फासलं. चिंचेतलं आम्ल त्या थराला विरघळवतं आणि मीठ त्याला मदत करतं. दोघं वेगवेगळी लावली तर काम रेंगाळतं. आजीला यातलं रसायन ठाऊक नव्हतं, पण मिठाशिवायची चिंच तिला 'अर्धवट' वाटायची. आणि बघता बघता तिच्या तळव्याखाली गुलाबी तांबूस डाग उमटला. सोहम खाली वाकून पाहतच राहिला. हंड्याच्या काठाखाली एक हट्टी डाग होता. त्यावर कोळ जरा वेळ ठेवून दिला, पण खरवडला नाही.

इथे आजी घड्याळ पाहते, एरवी पाहत नाही. कोळ अंगावर वाळला की हंडा निस्तेज होतो आणि पुढे हिरवट पडतो. म्हणून तीन-चार पाण्यांनी, चिकटपणा पूर्ण जाईपर्यंत धुऊन लगेच जुन्या धोतराने कोरडा केला. थेंब तसेच राहिले असते, तर रात्रीतून ठिपके उठले असते.

हंडा असा काही झळकला की काकू त्याला आरसा समजून केस नीट करू लागल्या. सोहमने फोटो काढायला मोबाइल वर केला, आणि तेवढ्यात आजीने राखेचं भांडं पुढे ओढून त्या चकचकीत बुडावर भरपूर लेप थापला.

"आजी! एवढं घासलं ते कशाला?"

"उद्या पहाटे खाली जाळ लागणार ना? मग?" लेप पोटाकडे चढवत ती म्हणाली. "तुला फोटो हवा असेल तर वरचा अर्धा काढ. आणि काढून झाला की देवघरातलं तांब्याचं ताम्हन आण. त्यावर काजळी नाही. त्याला तुझी लिंबं चालतील."