लहानपणापासून आवड असणाऱ्यांसाठी

परदेशी मास्टर्सच्या अर्जाला जोडायच्या एसओपीचा कच्चा खर्डा तपासायला घेतला की पहिल्याच ओळीत ‘लहानपणापासून’ भेटतं. लहानपणापासून पाण्याचं आकर्षण, लहानपणापासून यंत्रं उघडून बघायची सवय, लहानपणापासून आकड्यांशी मैत्री. आपल्याकडे मुलं दहावीपर्यंत नक्की काय करतात याबद्दल पालकांचे जे काही समज असतील, ते हे खर्डे वाचले की पार उलटेपालटे होतात. या वाक्याला खोटं म्हणता येत नाही आणि खरी अडचण तीच आहे. ते खरं आहे, पण शेजारच्या अर्जदाराबाबतही तितकंच खरं आहे. वधू-वर सूचक मंडळाच्या वहीत प्रत्येक मुलगी जशी सुस्वभावी आणि गृहकृत्यदक्ष असते, तसा एसओपीतला प्रत्येक अर्जदार जिद्दी, जिज्ञासू आणि संघभावना असलेला असतो. म्हणून खर्डा तपासताना व्याकरणाआधी एकच कसोटी लावावी: वाक्यातलं नाव बदलून दुसऱ्या अर्जदाराचं घातलं तर वाक्य टिकतं का? टिकत असेल तर त्याने कागदावरची जागा फुकट अडवली आहे. एकूण जागा हजार शब्दांच्या आत-बाहेर, म्हणजे फार तर दोन पानं.

उदाहरण घेऊ. समजा, सांगलीकडचा एक स्थापत्य अभियंता डेल्फ्टच्या जल-अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाला अर्ज करतो आहे. त्याच्या खर्ड्यातलं मधलं वाक्य असं: ‘अंतिम वर्षात आम्ही कृष्णेच्या पुरावर अत्याधुनिक सॉफ्टवेअर वापरून प्रकल्प केला, ज्यातून मला पूर-व्यवस्थापनाचं सखोल ज्ञान आणि टीमवर्कचं महत्त्व कळलं.’ इथे तपासणाऱ्याने लाल शाई न वापरता समासात प्रश्न लिहावेत. ‘आम्ही’ म्हणजे किती जण, आणि त्यातलं तुझं काय? सॉफ्टवेअर कोणतं? नदीचा कुठला पट्टा? मॉडेल बरोबर निघालं का, आणि ते कसं कळलं? उत्तरं हळूहळू बाहेर येतात. चौघांचा गट होता आणि याच्या वाट्याला मॉडेल जुळवणं आलं होतं. सॉफ्टवेअर हेक-रास, अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी बनवलेलं आणि कुणालाही फुकट मिळणारं, त्यामुळे ‘अत्याधुनिक’ इथेच गळतं. पट्टा सांगलीच्या आयर्विन पुलाच्या वरचा. तिथे धोक्याची पातळी 45 फूट, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. याचं मॉडेल मात्र दोन-एक फूट कमी दाखवत होतं.

आता खरी गोष्ट सुरू होते, आणि खर्ड्यात नेमकी तीच नाही. पाणी किती अडत-घासत वाहतं, हे मॉडेलला मॅनिंगच्या गुणांकातून सांगावं लागतं. स्वच्छ, सरळ पात्राला तो 0.03 च्या आसपास धरतात, दाट झुडपांना 0.1 पर्यंत नेतात. या पठ्ठ्याने पात्र आणि काठ दोन्हींना मिळून सरसकट 0.035 घेतला होता. पण ऑगस्टमध्ये कृष्णाकाठी उभा असतो तो पुरुषभर उंचीचा ऊस. कागदावर पाणी मोकळं वाहत होतं, शेतात ते उसात अडकत होतं. काठासाठी गुणांक वाढवल्यावर पातळी पुराच्या खुणांच्या जवळ आली. त्यातून प्रश्न निघाला: उसाचा अडथळा एका ठरावीक आकड्यात मावतो, की पाणी खोल होऊन ऊस आडवा झाला की तो आकडाही बदलतो? हा प्रश्न घेऊन मास्टर्सला जायला हरकत नाही. ‘सखोल ज्ञान’ घेऊन निघालेल्याला तिथे शिकण्यासारखं उरतंच काय?

इथे पहिला आक्षेप येतो: मॉडेल चुकलं होतं हे आपणच कसं लिहायचं? ते गुपित नाही. पूर-मॉडेल चालवलेल्या कुणालाही ठाऊक असतं की ते पहिल्या फेरीत जुळत नाही. जुळलं असं लिहिलं तर उलट त्याच्या भुवया वर जातात. चूक सापडली कशी, तिचं कारण कोणतं ठरवलं आणि कोणती शंका अजून शिल्लक आहे, एवढं तीन वाक्यांत आलं की अर्जदार विचार करतो हे दिसतं. मग त्याने ‘मी चिकित्सक आहे’ असं लिहायची गरज उरत नाही.

एवढा मजकूर हाती आला की मांडणीचा घोळ उघडा पडतो. खर्डा जन्मापासून सुरू होऊन दहावी, बारावी, प्रवेश परीक्षा अशी स्थानकं घेत पॅसेंजरच्या वेगाने प्रकल्पापाशी पोहोचतो, तोवर पहिलं पान संपलेलं असतं. ही सगळी स्थानकं गुणपत्रिकेत आणि सीव्हीत आहेत आणि ती वाचणाऱ्याच्या समोरच आहेत. तपासायची पद्धत सोपी आहे: प्रत्येक परिच्छेदाशेजारी तो काय सांगतो ते एका ओळीत लिहावं. दोन परिच्छेदांना एकच ओळ लागली तर एक उडवावा. ओळच सुचली नाही तर तो परिच्छेद बहुधा ‘आजच्या स्पर्धेच्या युगात’ने सुरू होतो, तो न वाचता उडवावा. उरलेल्यांचा क्रम वाचणाऱ्याच्या प्रश्नांनुसार लावावा: काय शिकायचंय, त्यासाठी आजवर काय केलंस, मग इथेच का, आणि पुढे काय. कुठे बालपणाची हकिकत वेगळी मागतात, तिथे ती जरूर द्यावी. बर्कलेसारख्या ठिकाणी तर तिच्यासाठी स्वतंत्र निबंधच असतो.

‘इथेच का’ हा भाग सर्वांत लबाड. ‘आपल्या नामांकित विद्यापीठातील जागतिक दर्जाचे प्राध्यापक आणि सुसज्ज प्रयोगशाळा’ हे वाक्य विद्यापीठाचं नाव बदलून दहा ठिकाणी जातं, आणि कधी कधी नाव न बदलताच जातं. त्यावर उपाय म्हणून संकेतस्थळावरची तीन प्राध्यापकांची नावं ओवली जातात. तीही सजावटच, त्यांतले एक निवृत्त झालेले असले तर शोभाच. आपल्या सांगलीकराला मात्र धागा सापडू शकतो. 1993 आणि 1995 च्या पुरांनंतर डच लोकांनी नुसते बांध उंचावत न बसता नदीला पसरायला जागा देण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि पूरमैदानावर किती झाडोरा राहू द्यायचा हा तिथे धोरणाचा विषय झाला. ज्याचा प्रश्न काठावरच्या उसाचा आहे, त्याने डेल्फ्टला का जायचं, हे एवढ्यावरून कळतं.

शेवटचा आक्षेप जोरदार आहे: सगळे असंच गुळमुळीत लिहितात आणि त्यांना प्रवेश मिळतात. मिळतात. मोठ्या, प्रबंध नसलेल्या अभ्यासक्रमांत गुणांवर बरंच भागतं आणि एसओपी नुसती नजरेखालून जाते. कमी गुण चांगल्या एसओपीने भरून निघतात असंही समजू नये. पण गुण सारखे असलेले दोन अर्ज शेजारी आले, तर निवडायला उरतो तो हाच कागद. दुसरी मर्यादा अशी की तपशिलाचाही अतिरेक होतो. वाचणारा पुराचाच तज्ज्ञ असेल असं नाही. गुणांकाचे दोन आकडे पुरतात, आडव्या छेदांचा तक्ता नको.

आणि तपासणाऱ्याने स्वतः वाक्यं लिहून देऊ नयेत; ती सुबक होतात आणि अर्जदार त्यांच्यामागे लपतो. फक्त विचारत राहावं: का? म्हणजे काय? मग काय झालं? चौथ्या ‘का’ला तो वैतागून म्हणतो, ‘‘अहो, उसात पाणी तुंबतं हे मी धरलंच नव्हतं, म्हणून दोन फूट कमी आलं!’’ मग त्याला सांगावं, हेच लिही, फक्त ‘अहो’ काढ.