मोबाईल कुणाला लागला?

लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात, तरी गिऱ्हाईक हल्ली इन्स्टाग्रामवरून आणावं लागतं. म्हणून साडीवाले आणि ब्लाऊज शिवणारे एकत्र येऊन बक्षिसाची सोडत ठेवतात. कल्पना झकास आहे. पोस्ट टाकताना एकाने दुसऱ्याला ‘कोलॅबोरेटर’ म्हणून बोलवायचं, त्याने होकार दिला की एकच पोस्ट दोघांच्या पानांवर दिसते आणि लाइक-कमेंटही सामाईक होतात. साडी घेणारीला शिंपी लागतोच, त्यामुळे भांडणही नाही.

पण बक्षीस काय ठेवतात? मोबाईल! मग ‘दोघांना फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा’ म्हटल्यावर नांदेडच्या वजिराबादेपासून पार पुण्यापर्यंतची पोरं धावून येतात. त्यांना ना साडी नेसायची, ना ब्लाऊज शिवायचा. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी फॉलोअर गळतात आणि मालकाच्या मेहुण्याला मोबाईल लागल्याची कुजबुज तेवढी उरते.

त्यापेक्षा पाच ब्लाऊजांची मोफत शिलाई ठेवा. ती फक्त खऱ्या गिऱ्हाइकालाच हवीशी वाटेल. शिलाईचा खर्च कोण किती उचलणार, हे आधीच लिहून घ्या. चिठ्ठी लाइव्ह काढा. उरलेल्या सगळ्यांना साडीत आणि शिलाईत सवलतीचं कूपन द्या, पण दोन्ही दुकानांच्या कूपनांवर वेगळी खूण ठेवा. महिनाअखेर कूपनं मोजली की कोणी कोणाकडे किती गिऱ्हाइकं धाडली ते कळतं.

अर्थात, हिशोब कळला की भागीदारी टिकेलच असं नाही. लाइक मोजण्यात तो धोका नसतो.