डबा आमचा, सिग्मा कुणाचा?

भोसरीच्या एका कारखान्यात मी क्वालिटी खात्यात होतो तेव्हाची गोष्ट. आमचे मोठे साहेब दोन दिवसांच्या सेमिनारला गेले आणि सोमवारी डबेवाले होऊन परत आले. प्रत्यक्ष डोक्यावर डबा नव्हता एवढंच. 'पाच हजार माणसं, बहुतेक आठवीपर्यंत शिकलेली, कॉम्प्युटर नाही, आणि सिक्स सिग्मा! आपल्याला काय धाड भरलीय?' आठवडाभरात स्टोअरमधल्या प्रत्येक बिनवर डबेवाल्यांसारखे रंगीत गोल आले. निळा म्हणजे मशीन शॉप, लाल म्हणजे असेंब्ली, पिवळा म्हणजे पेंट शॉप. साहेबांनी स्वतः पहिला गोल काढला, फोटो झाला, पेढे वाटले.

तिसऱ्या आठवड्यात निळा रंग संपला. स्टोअरवाल्या पोराने 'तात्पुरता' म्हणून हिरवा लावला. तो ठेकेदाराचा पोरगा होता, त्याचा ब्रेक महिनाअखेरीला. तो गेला आणि हिरवा म्हणजे काय हे त्याच्याबरोबर गेलं. पुढचे चार दिवस बेअरिंग्ज पेंट शॉपमध्ये जाऊन बसत होती.

मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये केस स्टडी काढली. त्याआधीपासून आणि त्यानंतर तर विचारूच नका, व्यवस्थापनाच्या प्रत्येक व्याख्यानात डबा उघडतोच. एक केस एवढ्या लोकांनी वाढून घेतली की आत मुळात काय होतं ते कुणी विचारत नाही. म्हणून आज तोच डबा घेऊ. एका केसमधून दुसऱ्या संस्थेला काय उचलता येतं आणि काय येत नाही, हे बघायला यापेक्षा चांगला डबा मिळणार नाही.

आधी तो सिग्मा. १९९८ मध्ये फोर्ब्ज मासिकात डबेवाल्यांवर लेख आला. त्यातून 'फोर्ब्जने सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं' अशी बातमी जगभर फिरली. लेख लिहिणाऱ्यानेच पुढे स्पष्ट केलं की फोर्ब्जने असं काही प्रमाणित केलेलं नाही आणि आपण तो शब्दही वापरला नव्हता. चुकांचा आकडाही जो भेटेल तो वेगळा सांगतो. कुणी ६० लाखांत एक म्हणतं, कुणी १ कोटी ६० लाखांत एक.

६० लाखांत एक हाच धरा. केस लिहिली तेव्हा रोजचे २ लाख डबे होते, जाणं आणि येणं मिळून ४ लाख फेऱ्या. म्हणजे पंधरा कामाच्या दिवसांत सबंध मुंबईत एक डबा चुकायचा. सिक्स सिग्माची अट यापेक्षा बरीच सैल आहे, १० लाख संधींमागे ३.४ चुका. त्या हिशोबाने रोज एखाद-दुसरा डबा चुकला तरी चालतं. आता मला सांगा, चर्चगेटच्या कुठल्या मजल्यावर कुणाला दुसऱ्याची भेंडी आली आणि त्याने मुकाट्याने खाल्ली, याची नोंद कोण ठेवतं? ('द लंचबॉक्स' तर सबंध चित्रपटच एका चुकलेल्या डब्यावर उभा आहे, आणि त्यात तक्रार करायला कुणाला घाई नाही.) शिवाय 'संधी' म्हणजे काय? एक डबा घरापासून टेबलापर्यंत तीन-चार हातांतून जातो. प्रत्येक हातबदल ही संधी मोजली की भाजकाचा आकडा तिप्पट-चौपट होतो आणि एकही डबा जास्त नीट न पोचता सिग्मा सुधारतो. आकडेवारीतली ही पाककृती कुठल्याही कारखान्यात चालते, हे मी शपथेवर सांगतो.

म्हणजे डबेवाले वाईट? अजिबात नाही. डबे पोचतात, हे कुणीही दुपारी साडेबारा-एकला बघू शकतो. मात्र 'किती वेळा चुकतात' हे एक केस सांगू शकत नाही, तिथे मोजणाराच नसेल तर मुळीच नाही. आणि 'असं करणाऱ्यांपैकी किती यशस्वी होतात' हे तर ती कधीच सांगत नाही. ही केस निवडलीच मुळी यशस्वी म्हणून. अशीच माणसं, अशीच खूण घेऊन निघालेले आणि बुडालेले कुठे असतील तर त्यांच्यावर केस लिहायला बोस्टनहून कुणी येत नाही.

मग ती सांगते काय? एक गोष्ट ठणकावून सांगते. 'शिकलेली माणसं आणि कॉम्प्युटर असल्याशिवाय रोज लाखो वस्तू वेळेवर पोचवता येणारच नाहीत,' असं कुणी म्हणालं तर त्याचं तोंड बंद करायला हा एक डबा पुरतो. सगळे हंस पांढरेच, असं म्हणणाऱ्यासमोर एक काळा हंस आणून ठेवला की झालं, दुसरा लागत नाही. फक्त त्यापुढे अर्धं पाऊल टाकलं की घसरलोच. 'कॉम्प्युटरशिवाय होऊ शकतं' याचा अर्थ 'कॉम्प्युटरशिवायच होतं' किंवा 'तुमच्याकडेही होईल' असा होत नाही. आमच्या साहेबांनी हे अर्धं पाऊल सोमवारी सकाळी टाकलं.

आता झाकणावरची खूण जवळून बघा. मध्ये एक ठळक आकडा, समजा ३, म्हणजे डबा कुठल्या भागात उतरायचा. कडेला काही अक्षरं, समजा ९ एआय १२. नऊ नंबरचा माणूस, एआय या खुणेची इमारत, बारावा मजला. शिवाय रंग आणि आकार मिळून डबा कुठल्या स्टेशनवरून निघाला ते कळतं. एवढंच. गिऱ्हाइकाचं नाव नाही. घराचा पत्ता नाही.

मग संध्याकाळी रिकामा डबा घरी कसा जातो? खूण त्याला मूळच्या स्टेशनपर्यंत आणते. पुढची गल्ली, जिना आणि दार तिथल्या माणसाच्या डोक्यात असतं. त्याच्याकडे असतात तीसेक डबे आणि त्या दारांवर तो वर्षानुवर्षं जातोय. कुठल्या घरी कुत्रं आहे आणि कुठल्या बाई दहा मिनिटं उशीर करणार, हे त्याला लिहून द्यावं लागत नाही. म्हणजे पुढच्या हाताला जे ठाऊक नाही तेवढंच खुणेत आहे. जे ठाऊक आहे ते मुद्दाम वगळलंय, म्हणून ती चालत्या गाडीच्या धांदलीत एका नजरेत वाचता येते. मोठ्या स्टेशनवर गाडी चाळीसेक सेकंद थांबते, मधल्यावर वीसेक. तेवढ्यात पत्ता वाचत बसलात तर गाडी डबे घेऊन विरारला.

हे कळलं की केसची खरी कमाई हाती येते. 'रंग लावा' हा धडा नाहीच. खूण किती छोटी ठेवता येईल हे माणसं किती टिकतात यावर ठरतं, हा धडा आहे. डबेवाला टिकतो, कारण तो मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडचा, गावच्या-भावकीच्या ओळखीने आलेला असतो, आधी उमेदवारी करतो आणि मग स्वतःचे पैसे भरून गटात वाटेकरी होतो. तिथे साहेब-नोकर भानगड नाही. गटात गरजेपेक्षा दोन-तीन माणसं जादा असतात, म्हणजे एकाचा ताप दुसऱ्याच्या डब्यावर येत नाही. आमच्याकडे माणूस अकरा महिन्यांचा आणि जादा माणूस म्हणजे ऑडिटमधला शेरा. अशा ठिकाणी खूण छोटी नाही, लांबलचक हवी. पार्ट नंबर, मराठीत नाव आणि शक्य असेल तर फोटो. तीच केस नीट वाचली तर आमच्या कारखान्याला नेमका उलटा सल्ला देते! हार्वर्डच्या लेखकानेही संघटना, व्यवस्थापन, रीत आणि संस्कृती हे सगळं एकमेकांत गुंतलंय असंच लिहिलंय. सेमिनारवाल्यांनी त्यातला रंग तेवढा खरवडून घेतला.

बरं, ही समजूत खरी की माझीही सेमिनारी? याची परीक्षा त्या एकाच केसच्या पोटात आहे, हे गंमतीचं. डबेवाले म्हणजे एक संस्था नव्हेच, केस लिहिली तेव्हा ते पंचवीसेक माणसांचे सुमारे दोनशे गट होते, प्रत्येकाचा हिशोब वेगळा. कुणी मुकादमांकडे बसून एवढंच विचारावं, 'गेल्या वर्षी डबे चुकले ते दिवस आठवतात का? त्या दिवशी काय होतं?' नवा माणूस होता, की गिऱ्हाइकाने ऑफिस बदललं होतं, की घरच्या बाईंनी नवा डबा घेतला आणि त्यावर खूणच नव्हती? चुका नव्या माणसाभोवती गोळा होत असतील तर माझं म्हणणं टिकलं. जुन्या-नव्या गटांत फरकच नसेल तर मी चुकलो, आणि साहेबांची माफी मागेन. वरवर एक दिसणाऱ्या केसमध्ये अशा दोनशे छोट्या केसेस असतात, पण त्यासाठी चर्चगेटला फोटो काढून परतून चालत नाही.

आणि एक खांब असा होता की तो खांब आहे हे कुणाला जाणवतच नव्हतं. मुंबई लांबट, घरं उत्तरेला, ऑफिसं दक्षिणेला आणि मधून लोकल. वेळापत्रक रेल्वेचं, शिस्तही रेल्वेचीच. गाडी कुणासाठी थांबत नाही, म्हणून डबेवालाही कुणासाठी थांबत नाही. केसमध्ये रेल्वे होती, पण सेमिनारांत ती देखाव्यासारखी मागे. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, ऑफिसं घरी गेली आणि १८९० पासून चाललेलं काम एका आठवड्यात थांबलं. माणसं गावी शेतीवर गेली, बरीच परत आली नाहीत. खूण तीच होती, टोपी तीच होती, निष्ठाही तीच होती. म्हणून मी आता कुठलीही केस हातात आली की आधी विचारतो, यात कायम चालू असलेलं आणि म्हणून कुणी न लिहिलेलं काय आहे? पुण्यात ते शोधायला लागू नये. पीएमपीच्या वेळापत्रकावर कुणी डबे पोचवून दाखवावेत.

बेअरिंग्जचा घोळ निस्तरायला आमचे जुने स्टोअरकीपर काका आले होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसलो. खुंट्यांवर तीसेक डबे टांगलेले, सगळे स्टीलचे, सगळे सारखे. काकांनी हात लांब केला आणि न बघता आपला काढला.

'काका, तुमच्या डब्यावर काहीच खूण नाही?'

'वीस वर्षं याच खुंटीला लावतोय,' काका म्हणाले. 'खूण त्या नव्या पोरांना करून दे.'