करवंदाला चक्रात जागा नाही

पानशेतच्या वाटेवरच्या फार्महाउसांत हल्ली कॉफीचं पाकीट चहाच्या डब्यापेक्षा वरच्या फळीवर असतं. पाकिटावर छापलेलं असतं: ब्लूबेरी, जस्मिन, मेपल सिरप. पुण्याहून आलेला पाहुणा घोट घेतो, पाकीट वाचतो, पुन्हा घोट घेतो आणि म्हणतो, 'हो हो, ब्लूबेरी लागतेय.' ब्लूबेरीशी त्याची ओळख मफिनपुरतीच. मेपलचं पान तर त्याने फक्त कॅनडाच्या झेंड्यावर पाहिलंय. पाकीट उलटं करून ठेवलं की हाच गृहस्थ 'छान आहे, स्ट्रॉंग आहे' यापुढे जात नाही.

हे शब्द येतात कॉफीच्या स्वादचक्रातून. अमेरिकेतल्या स्पेशालिटी कॉफी संघटनेनं ते 1995 साली काढलं आणि 2016 मध्ये वर्ल्ड कॉफी रिसर्चच्या शब्दकोशावरून नव्यानं बांधलं. चक्र वाचायचं मधून बाहेर. आत मोठे नऊ गट आहेत: फळं, फुलं, गोड, सुकामेवा-कोको, मसाले, भाजलेलं, हिरवट, आंबट-आंबलेलं आणि उरलेलं सगळं. बाहेरच्या कडेला एकेक नाव. शेजारच्या दोन घरांमध्ये फट जितकी मोठी, तितकं त्यांचं नातं लांबचं. काम चोख आहे. मात्र शब्दकोशात प्रत्येक वासाला जे नमुने दिलेत, ते बहुतेक अमेरिकेतल्या दुकानाच्या फळीवरचे. त्यामुळे चक्रात नाशपाती आहे, पीच आहे, द्राक्षं आहेत. आंबा नाही, जांभूळ नाही, करवंद नाही. दालचिनी, लवंग, जायफळ आहे, वेलची नाही. वेल्ह्याच्या जाळीत वाढलेल्या पोरानं या चक्रासमोर बसून 'मला काहीच कळत नाही' म्हणावं, यात पोराच्या जिभेचा दोष शून्य.

तेव्हा चक्राचा आतला भाग ठेवा आणि बाहेरची कड आपली आपण भरा. बेरीच्या घरात करवंद आणि जांभूळ. काकवी चक्रात आधीच आहे, मोलॅसिस नावानं; भोर तालुक्यात ऊस आहे, ती हुंगायला परदेशी जायला नको. आंबटात लिंबू, चिंच, ताक आणि व्हिनेगर एकेक चमचा पाण्यात घालून शेजारी ठेवा. चार वेगळी आम्लं, चार वेगळे आंबटपणा. हे एकदा जिभेला कळलं की 'कॉफी आंबट आहे' एवढ्यावर थांबणं जमत नाही. कोंदट, बुरशीच्या घरासाठी तर शिकवणीच नको. आषाढात वेल्ह्यात ज्याचं अंथरूण वाळलं नाही, त्याला हा वास पॅरिसच्या तज्ज्ञापेक्षा आधी ओळखू येईल.

आता नाक चिमटीत धरा आणि एक पिकलं करवंद चावा. आंबट लागेल, गोड लागेल, करवंद लागणार नाही. नाक सोडा, करवंद येईल. कॉफीतली सगळी 'नोट्स' मंडळी याच वाटेनं, घशाच्या मागून नाकात चढतात. म्हणून चाखणारे फुर्रकन आवाज करत ओढतात. आपल्याकडे बशीतून चहा ओढणाऱ्या आजोबांना उगीच हसलो.

पण एका कपातून काही शिकता येत नाही, आणि घरी चाखणारे बहुतेक जण इथंच फसतात. एक कप समोर असला की जे वाटतं ते कॉफीचं की कपाचं, की सकाळच्या ठेच्याचं, हे सांगायला काही साधन नसतं. दोन हवेत, शेजारी शेजारी. चिकमगळूरची एकाच भाजणीवाल्याची दोन पाकिटं घ्या, भाजणी सारखीच: एक धुतलेली, म्हणजे गर काढून, आंबवून, धुऊन वाळवलेली, दुसरी नॅचरल, म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेली. फरक इतका ठळक आहे की शिकाऊ नाकालाही सापडतो. पहिल्याच दिवशी दोन धुतलेल्या कॉफ्यांमधला फरक शोधायला बसणारा आठवडाभरात इन्स्टंटकडे परततो.

प्रत्येकी 12 ग्रॅम जाडसर दळा, सारख्या पेल्यांत घ्या. उकळी आल्यावर पाणी अर्धा-एक मिनिट थांबू द्या आणि प्रत्येकी 200 मिली ओता. चार मिनिटं हात लावायचा नाही. मग वर आलेला थर चमच्यानं मोडा. मोडताना नाक पेल्यापाशी हवं, सगळ्यात जास्त वास त्याच क्षणी सुटतो. फेस काढून टाका. दहा-बारा मिनिटांनी चाखायला लागा आणि पार गार होईपर्यंत चाखत राहा. कढत कॉफी सगळी सारखी लागते. फळं आणि दोष, दोन्ही कोमट झाल्यावर बोलतात.

पहिला प्रश्न नावाचा नाही. कोणती जास्त आंबट? कोणत्यात फळ आहे? नॅचरलमध्ये फळ सापडलं तर चक्रात एक घर बाहेर सरका: लिंबूवर्गीय, की बेरी, की मनुका? बेरी वाटली तर वाटीतलं करवंद हुंगा, जांभूळ हुंगा, पुन्हा पेला. जांभळाचा तुरटपणा शोधत बसू नका. तुरटपणा वास नाही, तोंडाला बसणारी ओढ आहे, चक्रात त्याला घरच नाही. आणि करवंदाऐवजी आदल्या दिवशी पिशवीत राहिलेल्या जांभळांची, जरा दारूकडे झुकलेली आठवण आली तर तीही नोंदवा. चक्रात फळांना लागूनच आंबलेल्याचा गट आहे, आणि नॅचरल कॉफी बिघडली की तिकडेच सरकते. हे सगळं लिहायचं, तेही गप्प बसून. घरातल्या एकानं 'चॉकलेट!' म्हटलं की उरलेल्या चौघांना चॉकलेट दिसायला लागतं.

याच जोडीचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. दोन्ही पेल्यांत धण्या-जिऱ्याचा वास आला तर आनंदानं मसाल्याच्या गटाकडे बोट नेऊ नका. तो मिक्सरच्या भांड्यातला कालचा वाटणाचा मसाला आहे. जे दोन्हीत सारखं येतं ते भांड्याचं, पाण्याचं किंवा तुमच्या तोंडाचं असू शकतं. जे एकातच येतं ते कॉफीचं. एवढा एक नियम पाळला तरी पाकिटावरची निम्मी फुलं गळून पडतील.

राहता राहिला पुरावा. तीन पेले मांडायला घरातल्या दुसऱ्याला सांगा: दोनांत एक कॉफी, तिसऱ्यात दुसरी, खुणा पेल्याच्या बुडाला. वेगळा पेला ओळखा. नुसत्या अंदाजानं तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एका यशावर पार्टी नको. सहा फेऱ्यांत पाच बरोबर आले तर मात्र मानायला हरकत नाही. निव्वळ नशिबानं हे शंभरात दोनदाही होत नाही. पाकीट वाचून ब्लूबेरी सांगणाऱ्या पाहुण्याला हा खेळ जरूर खेळायला लावा. शेजारी पाणी ठेवा, त्याच्या घशाला कोरड पडेल.

करवंदं पाऊस लागेपर्यंतच. वेल्ह्याच्या रस्त्याला द्रोण मांडून बसलेल्या मावशींकडून मे महिन्यातच घ्या, आणि चारशे ग्रॅमच्या कॉफीला हजार रुपये देणाऱ्यांनी तिथं दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये.