डोकं दुखायच्या आधीची रजा

रजेच्या अर्जात ‘डोकं दुखत आहे’ हे वाक्य इतक्या जणांनी इतक्या वेळा लिहिलंय, की आता त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. आमच्या एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला तर नाहीच नाही. रात्री दीड वाजता इथे डोकं दुखत नाही असा माणूस सापडणं कठीण. सुपरवायझर साहेबही कपाळाला बाम चोळूनच बसलेले असतात. ते वाचतात, मान वर करतात आणि म्हणतात, “माझं काय वेगळं आहे? चहा घे आणि मशीनवर जा.”

माझी पंचाईत अशी, की रजा मागण्याची खरी वेळ येते तेव्हा माझं डोकं दुखतच नसतं.

मला आहे ती अर्धशिशी, पण आधी डोळ्यांपुढे खेळ करून मग येणारी. डॉक्टर त्याला ऑरा म्हणतात. मी सीएनसी लेथवर असतो. जॉब काढायचा, पुसायचा, डिजिटल मायक्रोमीटर लावायचा. एरवी २४.९८ दिसायला हवं, तिथे २४.९ दिसतं. शेवटचा ८ जागेवर नसतो. गंमत म्हणजे तिथे काळा डाग वगैरे काही नसतो. मेंदू ती जागा आपल्या मनाने भरून टाकतो, त्यामुळे काही कमी आहे असं वाटतच नाही. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेला नागमोडी, लखलखणारी रेघ उमटते आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला पसरत जाते. ह्यूबर्ट एअरी नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८७० साली स्वतःला दिसलेल्या या रेघेची चित्रं छापली. ती बघताना बुरुजांसकट तटबंदीचा नकाशा पाहिल्यासारखं वाटतं. गड चढायला सुट्टी मिळत नाही म्हणून गडच मशीनवर येतो, असं मी मित्रांना सांगतो.

एक डोळा झाकला तरी रेघ दिसते, दुसरा झाकला तरी दिसते, दोन्ही मिटले तरी दिसतेच. कारण बिघाड डोळ्यांत नसतो. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दिसणं घडतं, तिथे एक लाट सरकत असते. तिच्यामागे पेशी काही वेळ गप्प पडतात. कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या ऑराची रेघ वेळ लावून कागदावर काढली आणि १९४१ मध्ये हिशेब मांडला, की हे जे काही आहे ते मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर सरकतं. त्याला प्रॉडक्शन टार्गेट नसावं.

या चालीने लाटेला पलीकडे जायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्यातच मला अर्ज लिहायचा असतो, आणि तोही लिहिलेला शब्द अर्धा दिसत नसताना. साहेबांसमोर उभा असतो तो ठणठणीत, हसतमुख माणूस. ठणका आणि उलट्या सुरू झाल्यावर चेहरा पुरावा देतो, पण तेव्हा पेन धरवत नाही. म्हणून मी अर्जाच्या पहिल्या ओळीतून डोकंच काढून टाकलं. आता असं लिहितो :

‘साहेब, १ वाजून १० मिनिटांपासून मला उजवीकडचे आकडे दिसत नाहीत. माझा हा त्रास जुना असून डॉक्टरांनी तपासलेला आहे. अर्ध्या तासात दिसू लागेल, पण त्यानंतर डोकेदुखी व उलटी होते. मशीन बंद केलं आहे. चकमधला जॉब मोजलेला नाही, कृपया पास करू नये. गाडी चालवणार नाही, भाऊ न्यायला येत आहे. उरलेल्या पाळीची रजा मिळावी.’

‘न मोजलेला जॉब’ वाचताच साहेब खुर्चीतून उठतात. माणसाच्या डोक्यापेक्षा रिजेक्शन जास्त दुखतं, हे मला उशिरा कळलं. ‘उद्या नक्की येतो’ मात्र मी लिहीत नाही. औषध लागू पडलं नाही तर हे दुखणं तीन दिवसही टिकतं.

उपाय सुचवणारे असतातच. सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खा, असं आमच्या आत्याचं म्हणणं. रात्रपाळीवाल्याला सूर्योदयापूर्वी जागं राहणं अवघड नाही. अवघड आहे ते दिवसा झोपणं, आणि मोडलेली झोप व चुकलेलं जेवण ही तर या दुखण्याला दिलेली आमंत्रणंच.

तेव्हा शिफ्ट सांभाळणाऱ्या साहेबांना एक विनंती. असा कागद हाती आला तर चेहरा बघू नका, घड्याळ बघा. आणि आयुष्यात पहिल्यांदाच असं होत असेल, तासाभरानेही दिसेना, किंवा तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर सही करत बसू नका. माणसाला थेट दवाखान्यात न्या.