लॉगिन होतं, यादी येत नाही

सर्व्हर बंद असला तर माझी काही तक्रार नसते. पासवर्ड चुकला तर सर्व्हर तसं सांगतो, आपण दुरुस्त करतो, विषय संपतो. माझी तक्रार आहे ती नाव विचारणाऱ्या, पासवर्ड घेणाऱ्या, लॉगिन झाल्याचं कळवणाऱ्या आणि मग `ls` म्हटलं की गप्प बसणाऱ्या सर्व्हरबद्दल. तो नकार देत नाही आणि चूकही दाखवत नाही. टर्मिनलवर एवढी एकच ओळ थांबून राहते:

```
`ls' at 0 [Making data connection...]
```

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींमधल्या काही लहान मशिनशॉपचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. त्यांचे मोठे ग्राहक ड्रॉइंग एफटीपीवर ठेवतात, इकडून ती उतरवून घ्यायची. ज्या प्रकाराबद्दल लिहितोय त्यात मशिनवर जुन्या रिव्हिजनची प्रिंट चिकटवलेली होती आणि नवी रिव्हिजन ग्राहकाच्या सर्व्हरवर होती. एका बोअरचा टॉलरन्स बदललाय एवढं फोनवर कळलं होतं, किती ते ड्रॉइंगमध्येच बघायचं होतं. सेटर फिक्श्चर बांधून उभा. अशा वेळी ही ओळ बघत बसणं ही किरकोळ गैरसोय आहे असं मला कुणी सांगू नये. पार्ट जुन्या मापाने कापला गेला तर तो भंगारात जातो आणि बिल शॉपच्या नावावर फाटतं.

ग्राहकाच्या आयटी विभागाला फोन केला. ते म्हणाले, "सर, आमच्याकडून सगळं ओके आहे. तुमचं लॉगिन दिसतंय की इथे."

"लॉगिन होतंय साहेब, यादी येत नाही."

"मग तुमच्या नेटचा प्रॉब्लेम असेल. पोर्ट एकवीस ओपन आहे, आत्ताच चेक केलं."

त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. लॉगिन दिसत होतं आणि पोर्ट २१ उघडंच होतं. तरी ड्रॉइंग मिळत नव्हतं, कारण ते पोर्ट २१ वरून येतच नाही.

एफटीपी एका जोडणीवर चालत नाही. पोर्ट २१ वर फक्त बोलणं होतं: नाव, पासवर्ड, कुठल्या फोल्डरात जायचं, काय हवं. फाइल असो की फोल्डरातली यादी, प्रत्यक्ष माल दुसऱ्या, वेगळ्या जोडणीवरून येतो आणि दर वेळी ती नव्याने जोडली जाते. कंपनीच्या गेटवर पास मिळावा आणि माल मात्र मागच्या कुठल्या तरी दाराने उचलायचा असावा, तसं. पास देणाऱ्याने मागच्या वॉचमनला काही सांगितलेलं नसेल तर गेटवर कितीही मान मिळाला तरी गाडी रिकामीच परतते.

ही रचना जुनी आहे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी एमआयटीत असताना १९७१ च्या एप्रिलमध्ये एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला, आरएफसी ११४. आज चालतो तो नियम १९८५ चा, आरएफसी ९५९. त्यात मूळ रीत अशी की माल पाठवायची जोडणी सर्व्हरने क्लायंटकडे करायची. पुढे ऑफिसाऑफिसात फायरवॉल आले आणि बाहेरून आत येणारी जोडणी अडू लागली. १९९४ मध्ये स्टीव्हन बेलोविन यांनी आरएफसी १५७९ मध्ये सुचवलं की क्लायंटनी पॅसिव्ह पद्धत वापरावी, म्हणजे दोन्ही जोडण्या क्लायंटच करील. सल्ला योग्यच होता. मात्र त्याने अडचण संपली नाही, ती क्लायंटच्या दारातून सर्व्हरच्या दारात गेली. तीस वर्षं झाली, सर्व्हर चालवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवायला हवं होतं.

पॅसिव्ह म्हणजे काय होतं ते पडद्यावर बघता येतं. `lftp` मध्ये `debug` लिहून मग `ls` द्या, सगळं बोलणं उघडं होतं. आमच्या प्रकरणातल्या कामाच्या दोन ओळी अशा होत्या (आकडे नमुन्याचे आहेत):

```
---> PASV
<--- 227 Entering Passive Mode (192,168,1,10,195,149).
```

सहा आकड्यांतले पहिले चार म्हणजे पत्ता. उरलेल्या दोनांतून पोर्ट निघतं: पहिल्याला २५६ ने गुणायचं आणि दुसरा मिळवायचा. १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९,९२०, त्यात १४९ मिळवले की ५०,०६९. सर्व्हर सांगतोय, १९२.१६८.१.१० वर ५००६९ या पोर्टला या, यादी तिथे देतो. आता हा पत्ता त्यांच्या ऑफिसच्या आतला. अंबडमधून १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर जाता येत नाही, कारण तसे पत्ते प्रत्येकाच्या आपापल्या नेटवर्कात असतात. `lftp` शहाणा आहे. असा आतला पत्ता आला तर तो स्वतःहून दुरुस्त करतो आणि ज्या बाहेरच्या पत्त्यावर लॉगिन झालं तिथेच ५००६९ ला जातो. फाइलझिलाही तेच करतो. सगळे क्लायंट मात्र करत नाहीत, एखादी जुनी स्क्रिप्ट त्या आतल्या पत्त्यावरच धडकत राहते. आमच्याकडे पत्ता दुरुस्त झाला, पण ५०,०६९ वर फायरवॉल होता आणि तो येणारं पाकीट मुकाट्याने टाकून देत होता. हँग होण्याचं कारण हेच. फायरवॉलने स्पष्ट नाकारलं असतं तर तत्काळ "Connection refused" दिसलं असतं. टाकून दिल्यावर क्लायंट उत्तराची वाट बघत, अंतर वाढवत, पुन्हा पुन्हा तेच पाकीट पाठवत राहतो.

यावर आयटीवाल्यांचा प्रश्न रास्त होता: "मागच्या महिन्यापर्यंत याच फायरवॉलमधून चालत होतं ना?" चालत होतं. मध्ये काय बदललं असं विचारल्यावर उत्तर आलं, "काही नाही, फक्त सर्टिफिकेट टाकलं." म्हणजे साध्या एफटीपीचं एफटीपीएस केलं. सगळी मेख तिथे आहे.

साध्या एफटीपीत बोलणं उघड्यावर चालतं. मधला फायरवॉल ते वाचत असतो. २२७ चं उत्तर दिसलं की त्यातला आतला पत्ता खोडून बाहेरचा लिहितो, आणि सांगितलेलं पोर्ट तेवढ्यापुरतं उघडतो. लिनक्सवर हे काम `nf_conntrack_ftp` आणि `nf_nat_ftp` करतात, बाजारातल्या राउटरांत त्यालाच एएलजी म्हणतात. वर्षानुवर्षं हा मदतनीस निमूट काम करत होता, म्हणून ५०,००० च्या पुढच्या पोर्टांचा नियम कुणी लिहिलाच नव्हता. सर्टिफिकेट आलं, बोलणं कुलूपबंद झालं, फायरवॉलला वाचता येईना. त्याने पत्ताही बदलला नाही आणि पोर्टही उघडलं नाही. लॉगिन मात्र होत राहिलं, कारण पोर्ट २१ साठी कायमचा नियम होता. कुलूप लावलं ते बरोबरच केलं, पासवर्ड उघड्यावर पाठवूच नये. पण मदतनीस जे करत होता ते आता हाताने लिहावं लागतं, हे कुलूप लावणाऱ्याला माहीत असायला हवं.

दोष कुणाकडे आहे हे ठरवायला वाद घालावा लागत नाही. आमच्याच बाजूचा फायरवॉल बाहेर जाणारी पोर्ट अडवत असेल अशी शक्यता खरी असते, काही कारखान्यांत वेब सोडून बाकी सगळं बंद ठेवतात. म्हणून आधी लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतला. तिथेही तसंच हँग झालं, तेव्हा आमचं नेट सुटलं. मग ज्या पोर्टला बोलावलं होतं ते ठोठावून पाहिलं:

```
nc -vz -w 5 203.0.113.20 50069
```

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सर्व्हर ते पोर्ट फक्त २२७ म्हणाल्यानंतर थोडा वेळ ऐकतो. म्हणून नंतर ठोठावल्यावर "refused" असं लगेच आलं तर ती चांगली खूण असते: बहुधा पाकीट सर्व्हरपर्यंत पोचलं, तिथे आत्ता कुणी नव्हतं एवढंच. पाच सेकंद काहीच न होता वेळ संपली तर पाकीट वाटेत गिळलं गेलं. आमचं गिळलं जात होतं.

दुरुस्ती त्यांच्याकडे, `vsftpd` च्या फाइलीत चार ओळींची होती:

```
pasv_enable=YES
pasv_min_port=50000
pasv_max_port=50100
pasv_address=203.0.113.20
```

आणि राउटरवर ५०,००० ते ५०,१०० ही पोर्ट त्याच क्रमांकांनी आतल्या सर्व्हरकडे वळवायची. क्रमांक बदलून चालत नाही, कारण सर्व्हर स्वतःचा क्रमांक सांगतो आणि आता मध्ये तो दुरुस्त करणारं कुणी नाही. रेंज फार चिमुकलीही ठेवू नये. प्रत्येक यादी आणि प्रत्येक फाइल एकेक पोर्ट घेते, आठदहा पोर्टांवर अनेक पुरवठादार एकदम आले की यादी पुन्हा अडू लागते, आणि तेही अधूनमधून, म्हणजे शोधायला अधिक त्रासाचं.

हे होईपर्यंत मला जे सल्ले मिळाले त्यांचाही राग आहे. "पॅसिव्ह बंद करून बघा" हा त्यातला ठरलेला. पॅसिव्ह बंद केलं की सर्व्हरने अंबडच्या आमच्या राउटरमागे येऊन जोडायचं, आणि बोलणं कुलूपबंद असल्यामुळे आमचा राउटरही ते पोर्ट उघडू शकत नाही. "विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर `ftp` लावून बघा" हा दुसरा. त्या प्रोग्रॅमला पॅसिव्हही येत नाही आणि टीएलएसही येत नाही. तिसरा सल्ला फायरवॉलच बंद करायचा, त्यावर मी बोलत नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते चाचणीचं. "आम्ही चेक केलं" याचा अर्थ जवळपास नेहमी ऑफिसात बसून, त्याच नेटवर्कातून चेक केलं असा असतो. तिथून १९२.१६८.१.१० हा पत्ता अगदी बरोबर आहे आणि मध्ये फायरवॉल नाही, मग यादी येणारच. उलट `pasv_address` लावल्यावर कधी कधी आतल्यांचंच अडतं, कारण बाहेरच्या पत्त्यावरून फिरून आत येणं त्यांच्या राउटरला जमत नाही. म्हणजे आतली चाचणी पास झाली काय किंवा नापास, बाहेरच्या पुरवठादाराबद्दल ती काहीच सांगत नाही.

तेव्हा पुरवठादारांना एफटीपीएसचा पत्ता पाठवणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती. ईमेलमध्ये पोर्ट २१ सोबत पॅसिव्ह पोर्टांची रेंजही लिहा, म्हणजे ज्यांच्याकडे बाहेर जाण्यावर बंधन आहे ते ती उघडून घेतील. सर्टिफिकेट टाकाल त्याच दिवशी राउटरवर त्या रेंजचा नियम टाका. आणि "ओके आहे" म्हणण्याआधी मोबाइलचं नेट लावून एकदा `ls` करा. लॉगिन झालं एवढ्यावर थांबू नका, यादी आलेली डोळ्यांनी बघा. हे जमणार नसेल तर एसएफटीपी द्या. ते पोर्ट २२ वर एकाच जोडणीत सगळं करतं आणि हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.