आधी निकाल, मग शर्यत

डिसेंबर आला की शाळांच्या मैदानांवर फक्की पडते, लेझमा माळ्यावरून खाली येतात आणि प्रमुख पाहुणे म्हणून कोणाला बोलवायचं यावर दोन बैठका होतात. या जुन्या कामांत आता एका नव्या कामाची भर पडली आहे. क्रीडादिनाच्या रीलची संहिता लिहून ठेवावी लागते, आणि ती क्रीडादिनाच्या आधीच लिहावी लागते. कारण सरळ आहे. रील त्याच संध्याकाळी पालकांच्या मोबाइलवर पोहोचली पाहिजे, दुसऱ्या दिवशी तिला कोण विचारतो? मग समालोचनाचा आवाज आदल्या आठवड्यातच मुद्रित होतो. ‘श्वास रोखून धरायला लावणारी ही चुरस!’ हे वाक्य उच्चारलं जातं तेव्हा चुरस व्हायची असते, धावणाऱ्या मुलाला सर्दी झालेली असते आणि मैदान अजून मिळालेलं नसतं. शर्यतीत कोण जिंकेल हे शाळेला ठाऊक नसतं, हे खरं. पण कोणीही जिंकलं तरी काय बोलायचं हे ठरलेलं असतं. निकालाची गरजच संपवणारी ही सोय क्रीडाक्षेत्राला मोठी देणगी आहे, आणि तिचं मोल नीट जोखायला हवं.

समालोचन हा प्रकार मुळात अडचणीतून जन्मला. आकाशवाणीवर बाळ पंडित मराठीतून क्रिकेटचं समालोचन करत तेव्हा ऐकणाऱ्याला मैदान दिसत नव्हतं. चेंडू कुठे गेला, कोण धावला, झेल सुटला की नाही, हे सांगणाऱ्याला त्या क्षणी पाहावं लागे आणि पुढच्या क्षणी काय होणार हे त्यालाही माहीत नसे. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा तो या अज्ञानामुळेच. रीलच्या समालोचनाने दोन्ही अडचणी दूर केल्या. जे पडद्यावर दिसतं आहे तेच ते सांगतं, आणि जे सांगतं ते आधीच ठरलेलं असतं. लाल झेंडा दिसतो तेव्हा आवाज म्हणतो, ‘लाल गटाचा जोश!’ हिरवा दिसला की ‘हिरव्या गटाची जिद्द!’ गटांची नावं अदलाबदल करून पाहा, एकही वाक्य चुकणार नाही. जे वाक्य कधीच चुकू शकत नाही त्यात माहिती नसते, एवढी साधी कसोटी लावली तरी अशा संहितेतून शाळेचा पत्ता एवढाच शिल्लक राहील.

आता अशी एखादी ९० सेकंदांची संहिता जमाखर्चासारखी मांडून बघू. ड्रोनमधून दिसणारं मैदान आणि शाळेचं नाव ८ सेकंद. मशाल, पाहुणे आणि पाहुण्यांच्या हातातला पुष्पगुच्छ १५ सेकंद. संचलन १०, लेझीम १२. पालकांच्या प्रतिक्रिया १०. बक्षिसं आणि प्रवेश सुरू असल्याची पाटी १०. उरले २५ सेकंद, त्यात सगळ्या स्पर्धा. दहा-अकरा वर्षांचं मूल १०० मीटर धावायला साधारण १७ ते २० सेकंद घेतं, म्हणजे एकच शर्यत पूर्ण दाखवली तर बाकीच्या सगळ्या खेळांची शिट्टी वाजली. त्यामुळे संकलक शर्यतीतलं धावणं काढून टाकतो. वाकलेली मुलं एक सेकंद, मग थेट फीत. आणि फितीपाशी मात्र वेळच वेळ, कारण सेकंदाला १२० चित्रं घेऊन ती ३०च्या गतीने दाखवली की अर्ध्या सेकंदाची घटना दोन सेकंद चालते. १०० मीटरची शर्यत अशी संथ होते, तर लिंबू-चमचा, जिचा सगळा प्राणच संथपणात आहे, ती कंटाळवाणी वाटेल म्हणून दुप्पट वेगाने पळवली जाते. दातांत चमचा धरून, मान ताठ ठेवून, नजर लिंबावरून न ढळवता पाऊल टाकणारी मुलगी पडद्यावर बस सुटल्यासारखी धावताना दिसते. तिचं सगळं कसब हळू जाण्यात होतं, तेच नेमकं कापलं गेलं.

यावर शाळांचा आक्षेप रास्त वाटेल असा आहे. सहाशे मुलं आणि ९० सेकंद, सगळ्यांना कसं दाखवणार? हिशोब त्यांच्या बाजूने आहे. सेकंदाला ३० चित्रं धरली तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला साडेचार चित्रं येतात, तेवढ्यात आजीलाही नातू ओळखू येणार नाही. निवड करावीच लागते, हे मान्य. पण निवड कोणत्या बाजूने झाली हे जमाखर्चात स्पष्ट दिसतं. पुष्पगुच्छ हलत नाही, घाम गाळत नाही, तरी त्याला एका शर्यतीपेक्षा जास्त वेळ मिळतो. ड्रोनच्या आठ सेकंदांत जे विस्तीर्ण मैदान दिसतं ते शहरातल्या किती शाळांचं स्वतःचं असतं, हा प्रश्नही त्यात बेमालूम मिटतो. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं असं लिहिलं आहे. एका दिवसाच्या भाड्याने घेतलेलं मैदान वरून फार देखणं दिसतं, आणि उरलेल्या वर्षभर मुलं वाहनतळात खो-खो खेळतात ते टिपायला ड्रोनला तिथे उडायला जागा नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फीत तुटली की चित्रण थांबतं हे बरंच आहे, नाहीतर शेवटून पहिल्या आलेल्या मुलाची जगजाहीर शोभा होईल, असं काही शिक्षक कळवळून सांगतात. हा कळवळा खरा असता तर त्याला नमस्कारच करावा लागला असता. पण त्याच रीलमध्ये पोत्याची शर्यतही असते. त्यात पोत्यात पाय अडकून तोंडावर आपटलेला मुलगा असतोच, त्याच्या पडण्यावर स्प्रिंग सुटल्याचा आवाज चढवलेला असतो, आणि गंमत कमी पडू नये म्हणून तो तीनदा पडतो. म्हणजे हळू धावणाऱ्याची अब्रू झाकायची आणि पडणाऱ्याची विकायची, असा हा नियम आहे. आठ जणांच्या शर्यतीत पहिला छातीने फीत तोडतो त्याच क्षणी आवाज म्हणतो, ‘हार-जीत नव्हे, सहभाग महत्त्वाचा!’ आणि दृश्य बदलतं. सहभागी झालेले उरलेले सात जण तेव्हा अजून धावतच असतात.

पालकांच्या प्रतिक्रियांचे दहा सेकंद हा या संहितेचा सर्वांत काटेकोर भाग. त्यात तीन पालक असतात आणि मत एकच असतं. ‘खूप छान वाटलं, शाळेने सुंदर आयोजन केलं.’ ‘मुलांचा सर्वांगीण विकास होतोय.’ ‘आमचं बालपण आठवलं.’ पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. मंडपासमोर उभं करून, पोर शेजारी, माइक तोंडाशी आणि मुख्याध्यापिका हाकेच्या अंतरावर असताना ‘कसं वाटलं?’ असं विचारल्यावर दुसरं काही बोलणारा पालक विरळा. दोरीपाशी हीच माणसं निराळं बोलत असतात. ‘अरे मागे काय बघतोस, पळ!’ ‘अहो भाऊ, जरा खाली बसा, आमचंही लेकरू धावतंय.’ ‘सर, त्या पिवळ्या गटातल्या मुलीने लिंबाला अंगठा लावला, मी डोळ्यांनी पाहिलं.’ ‘दहा वाजल्यापासून उन्हात बसवलंय, पाण्याचं काय?’ या चार वाक्यांत शर्यत आहे, गर्दी आहे, नियमभंग आहे आणि व्यवस्थेची खबरही आहे. समालोचन यालाच म्हणतात. पण ते संहितेत बसत नाही, म्हणून त्यावर गाणं चढवलं जातं.

एवढं करूनही रील शेवटी पुरावा म्हणून वापरली जाते, हा या प्रकरणातला कळस. रात्री नऊच्या सुमारास वर्गाच्या पालकगटावर कोणी तरी फितीचं दृश्य थांबवून धाडतं आणि लिहितं, ‘स्पष्ट दिसतंय, आमचा पुढे होता.’ स्पष्ट काही दिसत नसतं. पाच मीटर सेकंदाला या वेगाने धावणारं मूल सेकंदाला ३० चित्रांच्या चित्रणात दर चित्रागणिक सुमारे १७ सेंटीमीटर पुढे सरकतं. दोन मुलांत त्याहून कमी अंतर असेल तर नेमका रेषा ओलांडल्याचा क्षण दोन चित्रांच्या मध्ये हरवू शकतो. शिवाय रीलचा कॅमेरा रेषेच्या समोर तिरका उभा असतो, कारण तिथून चेहरा छान येतो. तिरक्या कोनातून मागचा धावपटूही पुढे असल्याचा भास होऊ शकतो. निर्णय द्यायचा तर कॅमेरा रेषेच्या अगदी सरळीत, बाजूला हवा, आणि पाहायचं ते धड. पुढे आलेला हात किंवा डोकं धरत नाहीत. रेषेवर खुर्ची टाकून बसलेल्या खेळाच्या सरांनी हे सगळं उघड्या डोळ्यांनी नीट पाहिलेलं असतं. पण सरांचं म्हणणं संथ गतीत दाखवता येत नाही, म्हणून रात्री साडेदहाला ते पक्षपाती ठरतात. सुंदर दिसावं म्हणून घेतलेल्या चित्रणाकडून न्याय मागायचा आणि न्यायासाठी बसवलेल्या माणसावर संशय घ्यायचा, ही सवयही याच रीलने लावली.

शाळेनं जाहिरात करू नये असं कोणी म्हणत नाही. प्रवेश हवेत, फी हवी, शेजारच्या शाळेने ड्रोन आणला तर आपणही आणायला हवा, हा व्यवहार आहे. परगावच्या आजी-आजोबांना नातवंडं दिसतात हाही खरा लाभ आहे. पण आजीला तिचा नातू हवा असतो, पाहुण्यांची मशाल नव्हे. तिच्यासाठी रेषेपाशी एक मोबाइल तिवईवर लावून प्रत्येक शर्यत शिट्टीपासून शेवटचं मूल पोहोचेपर्यंत विनाकाटछाट घेतली आणि ती त्या त्या वर्गाच्या पालकांनाच पाठवली तर काम भागतं, जगजाहीर शोभाही टळते आणि रात्रीचा वादही लवकर मिटतो. आवाज मैदानावरचाच राहू द्यावा. ‘सहावी ब मधल्या मुलांनी रेषेच्या मागे या, एक बूट सापडला आहे, पालकांनी दोरी सोडून आत येऊ नये’, हे भोंग्यावरून सांगणाऱ्या सरांना त्या क्षणी समोर काय चाललं आहे ते माहीत असतं, आणि मुद्रित आवाजाला नेमकं तेच माहीत नसतं. जाहिरातीची रील शाळेनं वेगळी काढावी, हौसेने काढावी. फक्त तिच्या संहितेत विजेत्याचं वाक्य कोरं सोडावं आणि शर्यत झाल्यावर भरावं. अडचण एकच येईल. ते भरण्यासाठी शाळेतल्या कोणाला तरी शर्यत बघावी लागेल.